बॅगेतली पाच घराणी
गोल्फची सुरुवात : लेखांक ४

मागच्या लेखांकात आपण टीपासून ग्रीनपर्यंतचं मैदान पाहिलं. आता बॅग उघडू. नियमाप्रमाणे एका फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब नेता येतात. हा नियम अमेरिकेत १९३८ साली आणि ब्रिटनमध्ये त्याच्या पुढच्या वर्षी आला. या १४ मधून ग्रीनवर वापरायचा पटर बाजूला काढला, तर उरलेल्यांची पाच घराणी होतात : ड्रायव्हर, फेअरवे वूड, हायब्रिड, आयर्न आणि वेज.

या घराण्यांमधला फरक मुख्यतः दोन गोष्टींतून येतो. पहिली म्हणजे लॉफ्ट, क्लबचं तोंड उभ्या रेषेपासून जितकं मागे कललेलं असतं तो कोन. दुसरी दांड्याची लांबी. ड्रायव्हरचा लॉफ्ट साधारण ९ ते १२ अंश आणि लांबी ४५ इंचांच्या आसपास. सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट ३० अंशांच्या आगेमागे आणि लांबी सुमारे ३७ इंच. सँड वेजचा लॉफ्ट ५४ ते ५६ अंश आणि लांबी ३५ इंचांहून थोडी जास्त. लॉफ्ट वाढला की चेंडू उंच जातो, कमी अंतर कापतो आणि पडल्यावर लवकर थांबतो. दांडा लांब झाला की क्लबचा वेग वाढतो, पण चेंडू तोंडाच्या मधोमध बसवणं अवघड होतं.

दुकानात आणि बॅगेत ड्रायव्हरचा मान पहिला असतो. शिकण्याचा क्रम मात्र जवळजवळ उलटा ठेवावा, म्हणून आपणही आयर्नपासून सुरुवात करू.

आयर्नची पाती चपटी असते आणि तिच्यावर नंबर असतो. नंबर वाढतो तसा लॉफ्ट वाढतो आणि दांडा आखूड होतो. नवख्याच्या संचात सहसा सहा किंवा सातपासून नऊपर्यंतची आयर्न असतात, आणि रेंजवरचे पहिले काही आठवडे सात नंबरवरच जावेत. हा क्लब ना फार लांब ना फार आखूड, आणि चेंडू हवेत चढेल एवढा लॉफ्ट त्यात असतो. चेंडू दोन्ही पावलांच्या साधारण मधोमध ठेवायचा. क्लब खाली येत असतानाच चेंडूला लागायला हवा आणि त्यानंतर गवताला. नवखा इथे चेंडू चमच्याने उचलल्यासारखा वर काढायला जातो, पण ते काम लॉफ्टचं आहे. फटका कसा बसला हे जमीन सांगते. गवताचा तुकडा चेंडूच्या जागेच्या पुढून निघाला असेल तर फटका नीट बसला. तो चेंडूच्या मागून निघाला असेल तर क्लब आधी मातीत गेला. आणि चेंडू जमिनीलगत सरपटत गेला, तर क्लबची खालची कड चेंडूच्या वरच्या अर्ध्या भागाला लागली.

एक सावधगिरी. नंबर सारखा असला तरी लॉफ्ट सारखा असेलच असं नाही. जुन्या सात नंबरचा लॉफ्ट ३४-३५ अंश असायचा, तर नवख्यांसाठीच्या आजच्या अनेक संचांत तो २८ ते ३० असतो. म्हणून मित्राचं सात नंबर आपल्यापेक्षा लांब जातं यावरून त्याच्या फटक्याबद्दल काहीच ठरत नाही.

याचाच परिणाम वेजपर्यंत पोहोचतो. वेज म्हणजे खरं तर जास्त लॉफ्टची आयर्नच, पण तिचं काम ग्रीनच्या आसपासचं. संचासोबत पिचिंग वेज मिळते, आणि आजच्या संचांत तिचा लॉफ्ट ४३-४४ अंशांपर्यंत खाली आलेला असतो. तिच्यानंतर थेट ५६ अंशांची सँड वेज ठेवली तर मध्ये १२ अंशांची दरी राहते. त्या दरीतलं अंतर गाठायला पिचिंग वेज अर्ध्या जोरात मारावी लागते, आणि नेमका जोर अर्धा करणं नवख्याला सगळ्यात कठीण जातं. ५० अंशांच्या आसपासची गॅप वेज यासाठीच असते. ६० अंशांच्या लॉब वेजची मात्र पहिल्या वर्षी गरज नाही.

सँड वेजमध्ये लॉफ्टइतकंच महत्त्व तळाला आहे. तिच्या तळाची मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली असते, आणि या रचनेला बाउन्स म्हणतात. जीन सारझेन या अमेरिकी खेळाडूने क्लबच्या तळाला मागच्या बाजूने धातू जोडून असा क्लब घडवला आणि १९३२ सालची ब्रिटिश ओपन जिंकली. बाउन्समुळे क्लब वाळूत रुतत नाही, तिच्यातून घसरत पुढे जातो. म्हणून बंकरमध्ये चेंडूला मारायचंच नसतं. त्याच्या सुमारे दोन इंच मागे वाळूत क्लब घालायचा आणि हात न थांबवता पुढे न्यायचा, म्हणजे वाळूच चेंडूला घेऊन बाहेर येते.

हाच बाउन्स टणक जमिनीवर उलटतो. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडची मैदानं जिथे कडक झालेली असतात, तिथे सँड वेजचा तळ जमिनीवर आपटून उसळतो, पुढची कड चेंडूच्या पोटात लागते आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडे जातो. अशा वेळी पिचिंग वेज किंवा नऊ नंबर घेऊन छोटा, जमिनीलगतचा फटका मारावा आणि चेंडू घरंगळत जाऊ द्यावा. पावसाळ्यात जमीन मऊ झाली की तीच सँड वेज पुन्हा उपयोगी पडते.

आता लांब अंतरांकडे वळू. तीन, चार, पाच नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट कमी आणि पाती बारीक असते. चेंडू उंच चढवायला त्यांना क्लबचा वेग लागतो आणि नवख्याकडे तो नसतो. परिणाम असा होतो की त्याचं पाच नंबर सात नंबरपेक्षा जेमतेम पुढे जातं. हायब्रिड या अडचणीसाठी आहे. त्याचं डोकं आयर्नपेक्षा जाड, तळ रुंद आणि वजन खाली व मागे असतं, म्हणून कमी वेगातही चेंडू वर चढतो. रफमध्ये आयर्नच्या दांड्याला गवत गुंडाळतं आणि तोंड फिरतं, तर हायब्रिडचा गोलसर तळ गवतातून तुलनेने सहज निघतो. टीवरून, फेअरवेवरून आणि फार खोल नसलेल्या रफमधून असा तिन्हीकडे चालणारा लांबचा क्लब नवख्याकडे हाच एक असतो.

आपल्याला हायब्रिड लागेल का, हे रेंजवर कळतं. पाच नंबर आयर्नने १० चेंडू मारा आणि सात नंबरने १०. दोन्हींतले सगळ्यात लांब आणि सगळ्यात फसलेले सोडून उरलेले कुठे पडतात ते पाहा. दोन्ही ढीग जवळजवळ एकाच जागी असतील तर पाच नंबर बॅगेत ओझंच आहे. ते काढून हायब्रिड ठेवा.

फेअरवे वूडचं डोकं आज धातूचं असतं. ते हायब्रिडपेक्षा मोठं, ड्रायव्हरपेक्षा लहान आणि दांडा लांब. तीन नंबरचा लॉफ्ट साधारण १५ अंश आणि पाच नंबरचा १८. नवख्याने पाचचा, जमल्यास २१ अंशांच्या सातचा विचार करावा, कारण १५ अंशांच्या लॉफ्टने जमिनीवरचा चेंडू उचलणं कठीण आहे. हा क्लब चेंडू स्वच्छ गवतावर छान बसलेला असतानाच काढायचा. खोल रफमध्ये त्याला हात लावू नये.

राहिला ड्रायव्हर. तो फक्त टीवरून मारायचा. टी एवढी उंच ठेवावी की चेंडूचा अर्धा भाग ड्रायव्हरच्या डोक्याच्या वर दिसेल. उजव्या हाताच्या खेळाडूने चेंडू डाव्या टाचेसमोर ठेवावा, म्हणजे क्लब वर चढत असताना चेंडूला लागतो. ड्रायव्हर वाकडा जाण्याचं कारण त्याच्या दोन अंकांतच आहे. लॉफ्ट कमी असल्याने तोंड जरासं उघडं राहिलं तरी चेंडूची फिरकी बाजूला कलते आणि तो उजवीकडे वळत जातो. याला स्लाइस म्हणतात. लांब दांड्याचा वेग ती चूक आणखी दूर नेतो. म्हणून ९ अंशांचा ड्रायव्हर घेण्याऐवजी १०.५ किंवा १२ अंशांचा घ्यावा.

आता एक होल खेळून पाहू. समजा पार ४ आहे आणि लांबी ३८० यार्ड, म्हणजे सुमारे ३४७ मीटर. आपला खेळाडू नवखा आहे. नीट बसला तर त्याचा ड्रायव्हर १८० यार्ड जातो, पाच नंबर वूड १६०, हायब्रिड १४५ आणि नऊ नंबर ९०.

ड्रायव्हर सरळ गेला तर २०० यार्ड उरतात. वूडने १६० कापले की ४० उरतात आणि तिसरा फटका वेजचा. टीवरूनच हायब्रिड घेतला तर २३५ उरतात. पुन्हा हायब्रिड मारला की ९० उरतात आणि तिसरा फटका नऊ नंबरचा. दोन्ही रस्त्यांनी तीन फटक्यांत ग्रीन, म्हणजे इथे ड्रायव्हरचे जादा ३५ यार्ड एकही फटका वाचवत नाहीत. उलट तो झाडीत गेला तर एक-दोन फटके सहज वाढतात. ग्रीनवर पटरचे दोन फटके धरून हायब्रिडवाल्याचे एकूण पाच होतात. आजच्या पद्धतीत सर्वाधिक हँडिकॅप ५४ आहे, म्हणजे असा खेळाडू साधारणपणे प्रत्येक होलवर तीन फटक्यांची सूट घेऊन उतरतो. त्याच्यासाठी या होलचा पार सात ठरतो, आणि पाच फटके त्याहून दोनने सरस आहेत.

हेच होल ३४० यार्डांचं असतं तर? १८० आणि १६० मिळून नेमके ३४० होतात, म्हणजे दोन फटक्यांत ग्रीन गाठता येतं. दोन हायब्रिडनंतर मात्र ५० उरतात. इथे ड्रायव्हर खरोखर एक फटका वाचवतो, आणि फेअरवे रुंद असेल तर तो जरूर काढावा. टीवर उभं राहिल्यावर हाच हिशेब करायचा : या अंतराने माझा एखादा फटका वाचतो का? वाचत नसेल तर जो क्लब सरळ जातो तो घ्यायचा.

या हिशेबाला १४ क्लब लागत नाहीत. १२ अंशांचा ड्रायव्हर, पाच नंबर वूड, एक हायब्रिड, सात आणि नऊ नंबरची आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर असे आठ पुरतात. सगळ्यांची अंतरं वहीत लिहून ठेवा. पुढे कुठे मोठी दरी दिसली की तिथलाच क्लब विकत घ्यायचा.

पुढच्या लेखांकात : पटर, आणि ग्रीनचा उतार कसा वाचायचा.