शंभर मिलिग्रॅमचा पांढरा साका

सिमेंट कारखान्यात भट्टीतून निघालेलं क्लिंकर दळताना त्यात थोडं जिप्सम मिसळतात. ते नसेल तर पाणी घातल्यावर गवंड्याला थापी मारायचीही उसंत न देता सिमेंट आवळून येतं. जिप्सम जास्त झालं तर सिमेंट घट्ट झाल्यानंतरही आत सल्फेटची क्रिया चालू राहते, ते फुगतं आणि बांधकामाला भेगा जातात. म्हणून साध्या पोर्टलँड सिमेंटमधल्या सल्फेटवर भारतीय मानकाने मर्यादा घातली आहे. सल्फेट सल्फर ट्रायऑक्साइडच्या रूपात मोजलं तर ते 3.5 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. चंद्रपूरकडच्या कारखान्यात काय किंवा पुण्यातल्या तपासणी प्रयोगशाळेत काय, हा आकडा ठरवण्याची जुनी आणि अजूनही मान्य असलेली रीत एकच: सल्फेटचा बेरियमबरोबर साका पाडायचा, तो धुऊन, भाजून तराजूवर ठेवायचा.

बेरियम सल्फेट पाण्यात जवळपास विरघळतच नाही. लिटरभर थंड पाण्यात ते जेमतेम अडीच मिलिग्रॅम उतरतं. म्हणून सल्फेटच्या द्रावणात बेरियम क्लोराइड घातलं की सल्फेट जवळजवळ सगळं खाली बसतं. हिशेबही सोपा आहे. साक्याचं वजन 0.343 ने गुणलं की सल्फर ट्रायऑक्साइड मिळतं. अट इतकीच, की तराजूवर ठेवलेली पांढरी पूड शुद्ध बेरियम सल्फेट असली पाहिजे. सगळी गोम या अटीत आहे.

एक नमुना हातात घेऊ. सिमेंट बरोबर 1 ग्रॅम, आणि त्यात खरोखर 3.43 टक्के सल्फर ट्रायऑक्साइड आहे असं धरू. यातून 100 मिलिग्रॅम साका मिळायला हवा. मर्यादेवर बोट ठेवणारा साका असेल 102 मिलिग्रॅमचा. म्हणजे हा माल पास की नापास, याचा निकाल 2 मिलिग्रॅमवर लटकलेला आहे. साखरेचे चार-पाच दाणे एवढ्या वजनाचे भरतात.

सिमेंट पाण्यात कालवून त्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात, तापवतात, न विरघळलेली वाळू गाळून टाकतात आणि गाळलेलं पाणी अडीचशे मिलिलिटरच्या आसपास आणतात. ते उकळत असताना 10 टक्क्यांचं गरम बेरियम क्लोराइड 10 मिलिलिटर, थेंबाथेंबाने, ढवळत सोडतात. बीकर दुधाळ होतं. मग ते उकळीच्या जरा खालच्या उष्णतेवर झाकून ठेवायचं, शक्यतो रात्रभर. बारीक कण विरघळत जातात, मोठे वाढत जातात आणि सकाळी तळाशी जाडसर, नीट गाळता येईल असा साका बसलेला असतो. ही रात्र वाचवून तासाभरात गाळायला बसलं, तर कागदाच्या आरपार दूध उतरतं आणि त्याबरोबर सल्फेटही.

आता धुणं. बीकरमधल्या द्रवात काय काय आहे ते आधी पाहू. आपण घातलेलं बेरियम क्लोराइड गरजेच्या नऊ-दहा पट होतं. त्यातलं उरलेलं सगळं द्रवातच आहे. शिवाय सिमेंटमध्ये निम्म्याहून जास्त चुनाच असतो, तो आम्लात विरघळून कॅल्शियम क्लोराइड झालेला आहे. दोन्ही मिळून दर मिलिलिटरमागे साडेसात मिलिग्रॅम क्षार भरतात. साका गाळल्यावर कागद आणि साका मिळून 2 मिलिलिटर द्रव धरून ठेवतात असं समजा. म्हणजे न धुता भाजलं तर 100 मिलिग्रॅमच्या साक्यावर सुमारे 15 मिलिग्रॅम उपरा क्षार बसला. भाजताना त्यातला थोडा उडून जाईल, पण बेरियम क्लोराइड उडत नाही. सगळा क्षार टिकला असं धरलं तर अहवालात 3.43 ऐवजी 3.9 च्या वरचा आकडा येईल. चांगला माल नापास.

धुण्यासाठी हाताशी 30 मिलिलिटर गरम पाणी आहे असं समजू. ते एकदम ओतलं आणि निथळू दिलं, तर मागे राहिलेल्या 2 मिलिलिटरात अजून जवळजवळ 1 मिलिग्रॅम क्षार असतो. तेच पाणी 10-10 मिलिलिटरच्या तीन खेपांत घातलं आणि प्रत्येक खेप पूर्ण निथळू दिली, तर दर खेपेला क्षार सहाव्या हिश्शावर येतो आणि शेवटी मिलिग्रॅमचा दहावा भागही उरत नाही. पाणी तेवढंच, फरक फक्त धीराचा. प्रत्यक्षात साक्याच्या फटींमधला द्रव असा हिशेबाने बाहेर येत नाही, म्हणून खेपा तीनपेक्षा बऱ्याच जास्त लागतात.

थांबायचं कधी, हे सिल्व्हर नायट्रेट सांगतं. गाळणीतून पडणारे थेंब परीक्षानळीत घ्यायचे, नायट्रिक आम्लाचा थेंब घालायचा, वर सिल्व्हर नायट्रेट. दुधाळ झाक आली तर क्लोराइड अजून येतंय. झाक येईनाशी झाली की बस. त्यापुढे धुत राहणारा माणूस सोवळेपणा करत असतो, आणि त्याची किंमत मोजतो. 100 मिलिलिटर पाणी साक्यातून पाव मिलिग्रॅमपर्यंत बेरियम सल्फेट नेऊ शकतं, गरम असेल तर थोडं अधिकच. एवढ्याने आपला निकाल फिरत नाही. पण जास्त धुण्याने सगळ्यात बारीक कण सुटे होऊन कागदातून निसटायला लागतात, तो तोटा मोठा असू शकतो.

इथपर्यंतची चूक हातची आहे, लक्ष दिलं तर टळते. खरी पंचाईत पुढे आहे. सिल्व्हर नायट्रेटची चाचणी स्वच्छ आली म्हणजे साका स्वच्छ झाला, असा समज प्रयोगशाळांत पक्का रुजलेला आहे. ती चाचणी धुवणाचं पाणी तपासते, साक्याच्या पोटात काय आहे ते तिला कळत नाही. बेरियम सल्फेटचे स्फटिक वाढताना आजूबाजूचे उपरे क्षार आत कोंडून घेतात. रसायनशास्त्राची पुस्तकं याला सहअवक्षेपण म्हणतात, आणि बेरियम सल्फेट त्यासाठी बदनाम आहे. 1914 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारे हार्वर्डचे थिओडोर रिचर्ड्स अणुभार ठरवण्यात जगात अव्वल मानले जात. बेरियम सल्फेटच्या साक्यात बेरियम क्लोराइड कसं अडकतं याचा अभ्यास त्यांनाही करावा लागला.

काय अडकेल हे बरंचसं थेंब कशात पडतात यावर ठरतं. आपण सल्फेटच्या द्रावणात बेरियम सोडतो. सुरुवातीला बीकरमध्ये सल्फेटचं राज्य असतं. नव्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर सल्फेट चिकटतं, त्या ऋणभाराकडे कॅल्शियम आणि लोहासारखे धनभारित आयन ओढले जातात आणि पुढचा थर त्यांच्यावर बसतो. शेवटी शेवटी बेरियम वरचढ होतं. मग पृष्ठभागावर बेरियम आणि त्याच्या भोवती क्लोराइड, असा उलटा प्रकार सुरू होतो. घाईने एकदम ओतलं तर दोन्ही प्रकार वाढतात, कारण अडकलेल्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही.

या दोन प्रकारांचा तराजूवरचा परिणाम मात्र उलटसुलट आहे. आपल्या नमुन्यात 3 मिलिग्रॅम बेरियम क्लोराइड आत अडकलं असं समजा. सल्फेट तर सगळं बसलेलंच आहे, वर हे 3 मिलिग्रॅम फुकटचे. साका 103 मिलिग्रॅम, आकडा 3.53, माल नापास. आता दुसरी बाजू. काही सल्फेट बेरियमऐवजी कॅल्शियमबरोबर खाली बसलं. कॅल्शियम सल्फेट हलकं असतं, त्यामुळे असं 2 मिलिग्रॅम अडकलं तर वजन जवळपास दीड मिलिग्रॅमने घटतं. लोह त्याहून वाईट. साक्यात अडकलेलं फेरिक सल्फेट भाजताना फुटतं, त्यातलं सल्फर ट्रायऑक्साइड उडून जातं आणि मागे लोहाचा गंज उरतो. असा अर्धा मिलिग्रॅम गंज उरला की साका 1.7 मिलिग्रॅमने कमी भरतो.

बेरीज करा. वर 3, खाली 3.1. तराजू दाखवतो 99.9 मिलिग्रॅम आणि अहवालात येतं 3.43 टक्के. आकडा तंतोतंत बरोबर, आणि साक्याच्या शंभर भागांतले पाच-सहा भाग भलतेच. वर घेतलेली अडकलेल्या क्षारांची वजनं हिशेबापुरती आहेत, पण चुका एकमेकींना अशा खाऊन टाकतात हे विश्लेषकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ही पद्धत सरावलेल्या हातात इतके चांगले आकडे देते, त्यात या परस्पर फिटणाऱ्या देण्याघेण्याचाही वाटा आहे. माझ्या मते या रीतीतली सगळ्यात धोकादायक गोष्ट हीच. दुसऱ्या सिमेंटमध्ये लोह कमी असलं की तोल बिघडतो, आणि हात मात्र तोच, रीतही तीच.

एरवी असा मळलेला साका आम्लात विरघळवून पुन्हा पाडतात. इथे ती वाट जवळजवळ बंद आहे, कारण बेरियम सल्फेट साध्या आम्लांना दाद देत नाही. म्हणून उपाय आधी करावे लागतात. लोह अमोनियाने काढून टाकायचं किंवा निदान फेरसच्या रूपात आणायचं, कारण ते फार कमी अडकतं. नाहीतर द्रावण आयन बदलणाऱ्या रेझिनमधून सोडायचं, म्हणजे लोह आणि कॅल्शियम दोन्ही मागे राहतात. नायट्रेट जवळ फिरकू द्यायचं नाही, ते क्लोराइडपेक्षा कितीतरी जास्त अडकतं. द्रावण पातळ ठेवायचं, गरम ठेवायचं, थेंब सावकाश सोडायचे.

भाजतानाही एक खोडी आहे. फिल्टर पेपर हळूहळू, ज्वाळा न येऊ देता काळा करायचा आणि मग मोकळ्या हवेत 800 ते 900 अंशांवर साका भाजायचा. घाई केली तर कागदाचा कोळसाच बेरियम सल्फेटचा ऑक्सिजन ओढून घेतो, बेरियम सल्फाइड उरतं आणि वजन घटतं. यावर सल्फ्युरिक आम्लाचा एखादा थेंब टाकून पुन्हा भाजतात, सल्फाइडचं सल्फेट होतं. पण तोच थेंब पोटातल्या बेरियम क्लोराइडचंही सल्फेट करतो, आणि ते क्लोराइडपेक्षा जड असतं. म्हणजे मुळातच जास्त असलेलं वजन आणखी वाढतं.

चूक ओळखायची कशी? मुशीतली पूड पिवळसर किंवा तांबूस दिसली तर लोह आहे, आकडा कमी आला आहे. कॅल्शियम आणि बेरियम क्लोराइड मात्र पांढरेच, डोळ्यांना दिसत नाहीत. पुन्हा पुन्हा भाजून वजन स्थिर आलं याचाही उपयोग नाही, अडकलेला क्षारही स्थिरच असतो. दोनदा केलेल्या तपासणीचे आकडे जुळले तरी तेच, कारण दोन्ही वेळा तेवढाच क्षार अडकतो. एकच गोष्ट कामाला येते. ज्याचं सल्फेट आधीच प्रमाणित आहे असं सिमेंट त्याच दिवशी, त्याच हाताने, शेजारच्या बीकरमध्ये चालवायचं, आणि एका बीकरमध्ये सिमेंट न घालता नुसती रसायनं. प्रयोगशाळेकडून 3.4 आणि 3.6 च्या मधला कुठलाही आकडा आला, तर पैसे देण्याआधी या दोन बीकरांचे आकडे मागून घ्या.