बलून लोन: हप्ता छोटा, शेवट मोठा

मंडळी, आज एकच उदाहरण घेऊ. १० लाखांचं लोन, महिन्याला १ टक्का व्याज. मुदत ५ वर्षं, पण हप्ता काढलाय १० वर्षांच्या हिशेबानं. त्यामुळे तो २२,२४४ ऐवजी १४,३४७ रुपये बसतो. पहिल्या हप्त्यातले १०,००० तर व्याजातच जातात. मुद्दल कमी होतं फक्त ४,३४७ नं. ६० हप्ते, म्हणजे ८.६ लाख भरूनही सुमारे ६.४५ लाख बाकी उरतात आणि ते एकरकमी द्यावे लागतात. शीटमध्ये `=PV(0.01,60,-14347)` टाका, हीच बाकी दिसेल. तेवढे पैसे नसतील तर नवं लोन काढावं लागतं, तेही त्या वेळच्या व्याजदरानं. म्हणून सही करण्याआधी मी शेवटच्या बाकीचा आकडा लेखी मागतो.