किती पैकी किती? सीआरपी ताईचं स्वमूल्यमापन



वर्ष संपलं की ग्रामसंघाच्या आढावा बैठकीत प्रत्येक सीआरपी ताईला आपल्या कामाचं स्वमूल्यमापन लिहून द्यावं लागतं. बऱ्याच जणी लिहितात, "गटांच्या बैठका नियमित घेतल्या, परतफेड चांगली आहे." वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. नियमित म्हणजे किती? चांगली म्हणजे किती? म्हणून प्रत्येक आकडा "किती पैकी किती" असा लिहायचा. त्यासाठी आठवणीवर जाऊ नका. इतिवृत्त वही आणि बचत-कर्ज वही समोर घेऊन बसा.

एक उदाहरण करून बघू. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या जातात, हे आपण दरवर्षी बघतो. समजा, तिथल्या एका ताईकडे १२ गट आहेत. आठवड्याला एक बैठक धरली तर वर्षाच्या ५२, म्हणजे १२ गटांच्या ६२४ बैठका व्हायला हव्या होत्या. इतिवृत्त मोजल्यावर ४९८ निघाल्या. म्हणजे शंभरात ८०. आकडा बरा दिसतो, पण इथं थांबायचं नाही.

आता गट वेगळे करा. गावातच राहणाऱ्या ८ गटांच्या ४१६ पैकी ३९२ बैठका झाल्या. ऊसतोड वस्तीवरच्या ४ गटांच्या २०८ पैकी फक्त १०६. त्यातही महिने बघा. बाया गावात असतानाच्या सहा महिन्यांत १०४ पैकी ९२ बैठका झाल्या आणि कोयता लागल्यावरच्या सहा महिन्यांत १०४ पैकी १४. म्हणजे गट सुस्त नाहीत. बाया गावात असल्या की बैठक होते. अडचण नेमकी कुठं आहे, ते आता दिसलं. ८० या एका आकड्यात ते झाकलं गेलं होतं.

परतफेडीचंही तसंच. समजा, वर्षात १,००,००० रुपये यायला हवे होते आणि ९६,००० आले. शंभरात ९६ लिहायचा मोह होईल. पण वहीत बघितलं तर त्यातले १०,००० दोघीतिघींनी पुढच्या वर्षाच्या हप्त्यांचे आगाऊ भरलेले आहेत. या वर्षाच्या देय रकमेपैकी आले ८६,०००. उरलेले १४,००० थकले आहेत. एकीच्या आगाऊ पैशानं दुसरीची थकबाकी झाकली जाते. म्हणून देय, त्यापैकी आलेले, आगाऊ आणि थकलेले असे चार आकडे वेगवेगळे लिहा.

आता "काय शिकले" हा रकाना. इथं "वेळ कमी पडला", "महिला सहकार्य करत नाहीत" असं लिहून भागत नाही. शिकणं म्हणजे काय घडलं, त्यात माझ्या हातात काय होतं आणि पुढं मी काय बदलणार. आपल्या उदाहरणातली ताई असं लिहू शकेल:

"ऊसतोडीच्या काळात ४ गटांच्या १०४ पैकी १४ बैठका झाल्या. टोळ्या जाणार हे मला माहीत होतं, पण जाण्याआधी गटात काहीच ठरवून घेतलं नाही. यंदा दिवाळीआधी चारही गटांत ठराव घेईन: बाहेर असताना बचत कोणाकडं आणि कशी द्यायची, वही गावात कोण सांभाळणार, कर्जाचा हप्ता उचल मिळाल्यावर भरायचा की परत आल्यावर."

यात कोणाला दोष नाही, रडगाणं नाही. पुढच्या वर्षी ठराव झाले की नाही, हे कोणीही वही उघडून बघू शकेल.

काही ठिकाणी आढाव्याच्या तोंडावर राहिलेल्या बैठका एका बसणीत लिहून काढल्या जातात. ते लगेच ओळखू येतं. महिनाभराच्या पानांवर एकच शाई, एकच मजकूर, आणि जी बाई त्या तारखेला कारखान्यावर होती तिचीही सही. गटाला कर्ज देताना बँक पंचसूत्री बघते आणि ती वह्यांवरूनच बघते. एक खोटं पान सापडलं तर खऱ्या ४९८ बैठकांवरही विश्वास राहत नाही. त्याची झळ ताईला कमी आणि कर्जाची वाट बघणाऱ्या बायांना जास्त बसते.

एक लक्षात घ्या, सगळंच आपल्या हातात नसतं. बाया ऊसतोडीला जाणं ताईनं थांबवता येत नाही. तेव्हा ते कारण लिहायचं, पण एका ओळीत. तसंच बँकेचं कर्ज मिळालं ते गटाच्या परतफेडीमुळं. त्यात तुम्ही प्रस्तावाची कागदपत्रं किती गटांची तयार केली, तेवढंच आपल्या नावावर लिहा.

लिहून झालं की ग्रामसंघाच्या सचिव ताईंना वही देऊन कोणताही एक आकडा मोजायला सांगा. त्यांचा आणि तुमचा आकडा जुळला, की कागद आढाव्याला तयार.