वीज गेली, पत्ता बदलला

परवा साताऱ्याच्या घरी दोन तास वीज नव्हती. तेव्हापासून पुण्यात माझ्या मोबाइलवर अंगण दिसेना. आईने घरातल्या वायफायवर पाहिलं, तर चित्र स्वच्छ. म्हणजे कॅमेरा धडधाकट, बाहेरची वाट तुटलेली.

राउटर बंद होऊन सुरू झाला की इंटरनेट कंपनी अनेकदा त्याला नवा सार्वजनिक आयपी पत्ता देते. डायनॅमिक डीएनएस सेवा तो ताजा पत्ता एका कायमच्या नावापुढे नोंदवते. मी `nslookup` या आज्ञेने नावापुढचा पत्ता काढला, आईकडून राउटरच्या पानावरचा `WAN IP` वाचून घेतला. दोन्ही वेगळे! गेल्या महिन्यात मी सेवेचा पासवर्ड बदलला, पण राउटरमध्ये जुनाच राहिला. पत्ता बदलेपर्यंत ही चूक कळणार तरी कशी? नवा पासवर्ड भरला, दहा मिनिटांत अंगण दिसलं.

मात्र राउटरवरचा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तो अनेक ग्राहकांत वाटलेल्या सार्वजनिक पत्त्यामागचा खाजगी पत्ता असतो. तिथे हा उपाय चालत नाही. कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागा.