हिंगाची डबी कुठल्या देशाची?

बेंगळुरूतल्या आपल्या स्वयंपाकघरात किती देश आहेत, हे शाळेच्या प्रकल्पासाठी लेबलं वाचून मोजताय? मग सांबारात पडणारी हिंगाची डबी आधी घ्या. तिच्यावर बहुधा भारतच असेल. आता घटक वाचा: पीठ, डिंक, हिंग. यातला हिंगाचा चीक मुख्यतः अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो. इथल्या प्रक्रियेत पदार्थाचं स्वरूपच बदललं, की नियमानुसार हाच त्याचा मूळ देश ठरतो.

म्हणून अहवालात दोन रकाने करा: लेबलवरचा देश आणि कच्च्या मालाचा देश. दुसऱ्यात अनेकदा ‘लेबलवर नाही’ एवढंच लिहावं लागेल. तेही निरीक्षणच! ८९० ने सुरू होणारा बारकोड मात्र मोजू नका. तो भारतातून घेतलेला क्रमांक आहे, मालाचा पत्ता नव्हे.