स्नेहसंमेलनाची मॉक्युमेंटरी: मुलाखतीतून पात्र कसे उलगडते

मॉक्युमेंटरी म्हणजे माहितीपटाचे रूप घेतलेली काल्पनिक कथा. हलता कॅमेरा, अर्धवट तुटणारी संभाषणे, मध्येच येणाऱ्या मुलाखती हे सारे माहितीपटासारखे असते. माणसे आणि घटना मात्र लेखकाने रचलेल्या असतात. ख्रिस्तोफर गेस्ट यांच्या ‘वेटिंग फॉर गफमन’ (१९९६) या चित्रपटात छोट्या अमेरिकी गावातली हौशी मंडळी गावाच्या दीडशेव्या वर्धापनदिनासाठी नाटक बसवतात. ‘अ‍ॅबट एलिमेंटरी’ (२०२१) ही मालिका याच पद्धतीने फिलाडेल्फियातली एक शाळा दाखवते. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तालमी या प्रकाराला सहज मानवतात, कारण तिथे तारीख ठरलेली असते, वेळ कमी असतो आणि पुढच्या रांगेत कोण उभे राहणार यावर सर्वांचे लक्ष असते.

अशा पटकथेत मुलाखतीचे तुकडे दृश्यांच्या मध्ये येतात. पात्र एकटे बसून न दिसणाऱ्या प्रश्नकर्त्याशी बोलते. प्रश्न बहुधा ऐकू येत नाही, म्हणून कशाबद्दल बोलणे चालले आहे ते उत्तरातूनच कळावे लागते. मुलाखतीचे मुख्य काम माहिती देणे नसते. माणूस स्वतःविषयी काय सांगतो आणि प्रत्यक्षात कसा वागतो, यांतले अंतर ती दाखवते. पुढचा नमुना पाहावा.

मुलाखत. स्टाफरूम.
बाई : रांगा उंचीप्रमाणेच. लहान पुढे, उंच मागे. माझ्याकडे वशिला चालत नाही.

दृश्य. हॉल. कोळीनृत्याची तालीम.
पुढच्या रांगेत मधोमध वर्गातला सगळ्यात उंच मुलगा. वल्हं मारताना सगळे उजवीकडे वळतात, तो डावीकडे. शेवटच्या रांगेतली बुटकी मुलगी टाचा उंचावून बाईंकडे बघते.

मुलाखत. स्टाफरूम.
बाई : तो अध्यक्षसाहेबांचा नातू आहे, हे मला नंतर कळलं. (थांबतात.) रांगा ठरवल्यानंतर.

मुलाखत. जिना.
मुलगी : मला मागचीच जागा आवडते. तिथून कोण कुठे चुकतंय ते सगळं दिसतं.

बाईंची पहिली मुलाखत तालमीच्या आधीची आहे. पुढे काय दिसणार हे त्यांना ठाऊक नाही, म्हणून त्या ठामपणे बोलतात. मुलाखत नेमकी केव्हा घेतली, हे लेखकाच्या मनात पक्के असावे लागते ते यासाठीच. दुसरी मुलाखत तालमीनंतरची आहे. तिच्यातले शेवटचे दोन शब्द कुणी विचारलेले नाहीत. ते आपणहून जोडल्यामुळेच बाईंची अडचण उघडी पडते. तरीही बाई खोटारड्या ठरत नाहीत. नियम पाळायची इच्छा आणि संस्थेची भीती या दोन्ही त्यांच्यात खऱ्या आहेत. मुलीचे उत्तर वेगळ्या जातीचे आहे. ती मनातला सल सांगत नाही, जागेचा फायदा सांगते. टाचा उंचावलेल्या पाहिलेल्या प्रेक्षकाला तो सल आपोआप कळतो, आणि तिला सगळा नाच पाठ आहे हेही समजते.

मुलाखतीची जागाही बोलते. बाई स्टाफरूममध्ये खुर्चीवर बसतात, मुलगी जिन्यावर. शिपाई मामांची मुलाखत घ्यायची तर ते बाके उचलता उचलता बोलतील, कारण हॉल रिकामा करून देणे आणि पुन्हा लावणे हे त्यांचेच काम आहे. शाळेत कोणाला बसून बोलायची सवड आहे, हे त्यासाठी वेगळे सांगावे लागत नाही.

पटकथा फसते ती बहुधा तीन ठिकाणी. पहिली चूक म्हणजे दृश्यात दिसलेलेच मुलाखतीत पुन्हा सांगणे. ‘मला फार वाईट वाटलं’ असे मुलगी म्हणाली, तर टाचा उंचावण्याचे मोल संपते. मुलाखत काढून दृश्य वाचावे. काहीच उणे झाले नाही, तर ती मुलाखत नको होती. दुसरी चूक सगळ्यांच्या तोंडी एकच भाषा घालणे. पात्रांची नावे झाकून संवाद वाचल्यावर बोलणारा ओळखता आला पाहिजे. तिसरी चूक कॅमेऱ्याविषयीची आहे. चित्रीकरण करणारी मंडळी कथेतही हजर असतात. मुख्याध्यापकांच्या बंद खोलीतले बोलणे दाखवायचे, तर कॅमेरा दाराच्या काचेबाहेर राहील आणि आवाज अर्धवट येईल. जिथे कॅमेरा पोचूच शकत नाही असे दृश्य लिहिले, की माहितीपटाचा भास मोडतो.

मुलाखती कथेबरोबर बदलतही जातात. सुरुवातीला बाई मोठी, घोटीव वाक्ये बोलतात. संमेलन जवळ येते तशी वाक्ये तुटत जातात आणि गप्प राहण्याच्या जागा वाढतात. शेवटच्या कार्यक्रमाच्या दृश्यात मुलाखत नसली तरी चालते. नाच सुरू असताना मागच्या रांगेतली मुलगी हळूच ‘उजवीकडे’ म्हणते आणि पुढचा उंच मुलगा उजवीकडे वळतो. जिन्यावरचे तिचे वाक्य प्रेक्षकाने आधीच ऐकलेले असते, म्हणून इथे कुणी काही समजावून सांगायची गरज उरत नाही.