चार्जिंगनंतर बंद पडलेलं स्मार्टवॉच आणि सर्व्हिस सेंटरला लिहायचं ईमेल

'काल घेतलेलं चार्जिंग झालं आणि घड्याळ बंदच पडलं, लवकर काहीतरी करा,' एवढंच लिहून पाठवलं की सर्व्हिस सेंटरकडून ठरलेलं उत्तर येतं: बिल पाठवा, सिरियल नंबर कळवा, दुसऱ्या चार्जरवर लावून पाहिलंत का? आपण उत्तर देतो, मग पुढचे प्रश्न येतात आणि त्यात आठवडा सहज जातो. हे प्रश्न आधीच माहीत असल्यामुळे पहिल्याच ईमेलमध्ये त्यांची उत्तरं देता येतात.

घड्याळ हातात न घेता समोरच्या माणसाला दोन गोष्टी ठरवायच्या असतात. दुरुस्ती वॉरंटीत बसते का, आणि दोष कुठे असावा: चार्जरमध्ये, बॅटरीत, की आतल्या सर्किटमध्ये? पहिली गोष्ट खरेदीच्या तपशिलावरून ठरते. दुसरी ठरते ती आपण घरी काय करून पाहिलं आणि त्या वेळी काय दिसलं, यावरून.

आधी खरेदीचा तपशील पाहू. वॉरंटी बहुतेक वेळा बिलावरच्या तारखेपासून मोजतात. घड्याळ वापरायला कधी काढलं, याला महत्त्व नसतं. ऑनलाइन घेतलं असेल तर ऑर्डरचा स्क्रीनशॉट पुरेसा ठरत नाही. खात्यात जाऊन विक्रेत्याचं नाव आणि जीएसटी क्रमांक असलेलं बिल डाउनलोड करावं. सिरियल नंबर घड्याळाच्या पाठीवर बारीक अक्षरांत, खोक्यावरच्या स्टिकरवर किंवा फोनमधल्या घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये सापडतो. पडदा काळा झाला तरी अ‍ॅपमध्ये तो बरेचदा शिल्लक असतो. म्हणून अ‍ॅप काढून टाकण्याआधी किंवा जोडणी तोडण्याआधी तो नंबर उतरवून ठेवावा.

आता घरच्या तपासण्या. प्रत्येक तपासणीतून एक शक्यता वगळली जाते, म्हणून त्या क्रमानेच कराव्यात.

घड्याळाच्या पाठीवर चार्जिंगच्या धातूच्या टिकल्या असतील तर त्या आधी कोरड्या मऊ कापडाने पुसाव्यात. घाम आणि साबणाचा थर साचला की वीज आत पोचत नाही. मग चार्जर एखाद्या साध्या 5 व्होल्टच्या अडॅप्टरला लावावा आणि त्याच अडॅप्टरवर फोन चार्ज होतो का, हेही पाहावं. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर सुरुवातीला अगदी थोडी वीज आत जाते आणि बराच वेळ पडद्यावर काहीच दिसत नाही. म्हणून घड्याळ तास-दोन तास न हलवता चार्जरवर राहू द्यावं. त्यानंतर ते चार्जरवर असतानाच बाजूचं बटण 20 ते 30 सेकंद दाबून धरावं. पुस्तिकेत वेगळी पद्धत दिली असेल तर ती वापरावी.

शेवटची तपासणी बरेच जण विसरतात: घड्याळ खरंच बंद आहे, की फक्त पडदा गेला आहे? फोनवर दुसऱ्या नंबरवरून कॉल करून घ्यावा. घड्याळ थरथरलं किंवा अ‍ॅपमध्ये 'जोडलेलं' दिसलं, तर बॅटरी शाबूत आहे आणि दोष पडद्याकडे आहे. एवढ्या एका वाक्याने तंत्रज्ञाचं बरंच काम वाचतं.

एक मर्यादा मात्र पाळायलाच हवी. पडदा कडेने उचलला गेला असेल, पाठ फुगली असेल किंवा घड्याळ नेहमीपेक्षा जास्त तापत असेल, तर यातलं काहीही करू नये. बॅटरी फुगल्याची ती खूण आहे. चार्जिंग थांबवून ही गोष्ट ईमेलच्या पहिल्याच ओळीत लिहावी. अशी बॅटरी विमानाने पाठवायला मनाई असते, त्यामुळे घड्याळ नेहमीसारखं कुरिअर करता येत नाही.

समजा, घड्याळ 14 मार्च 2025 रोजी घेतलं, वॉरंटी एक वर्षाची आहे आणि 3 मार्च 2026 रोजी ते बंद पडलं. मग ईमेल असं लिहिता येईल:

विषय: वॉरंटीतील स्मार्टवॉच चार्जिंगनंतर बंद (मॉडेल आणि सिरियल नंबर)

महोदय,
माझं स्मार्टवॉच 3 मार्च 2026 रोजी चार्जिंगनंतर बंद पडलं असून पुन्हा सुरू होत नाही. खरेदी 14 मार्च 2025 ची, ऑनलाइन, किंमत 4,499 रुपये. बिल सोबत जोडलं आहे.
2 तारखेच्या रात्री बॅटरी 20 टक्के असताना कंपनीच्याच चार्जरवर लावलं. सकाळी 100 टक्के दिसत होतं. हातात घातल्यावर साधारण अर्ध्या तासात पडदा बंद झाला.
त्यानंतर केलेल्या गोष्टी:
1. चार्जिंगच्या टिकल्या पुसल्या. गंज दिसला नाही.
2. दुसरा 5 व्होल्टचा अडॅप्टर वापरला. त्यावर फोन चार्ज होतो, घड्याळावर खूण येत नाही.
3. दोन तास चार्जरवर ठेवून बटण 30 सेकंद दाबलं. बदल नाही.
4. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या चार्जरवरही तसंच.
5. कॉल आल्यावर थरथरत नाही, अ‍ॅपमध्ये जोडलेलं दिसत नाही.
घड्याळ पडलेलं नाही, उघडलेलं नाही. हात धुताना पाणी लागतं, पोहताना वापरलेलं नाही.
कृपया वॉरंटीत तपासणी करून तक्रार क्रमांक कळवावा.
(नाव, फोन, पत्ता)

या पत्रात 'बॅटरी खराब आहे' असं कुठेही म्हटलेलं नाही, आणि तेच योग्य आहे. पडद्यावरचा 100 टक्के हा आकडा आतली चिप अंदाजाने काढते. 100 दिसूनही अर्ध्या तासात घड्याळ बंद पडणं आणि त्यानंतर चार्जरला अजिबात दाद न देणं, यावरून तंत्रज्ञ स्वतःच बॅटरी किंवा सर्किटकडे वळतो. आपण आधीच कारण सांगितलं आणि ते चुकीचं निघालं, तर तपासणी भलत्याच दिशेने जाते. पाण्याबद्दलही खरं तेच लिहावं. घड्याळ उघडल्यावर आतला ओलावा दिसतोच आणि मग बाकीच्या मजकुरावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

ईमेलला बिल, सिरियल नंबरचा फोटो आणि चार्जरवर लावलेल्या घड्याळाचा छोटा व्हिडिओ जोडावा. व्हिडिओत अडॅप्टरपासून घड्याळापर्यंतची केबल एका सलग शॉटमध्ये दिसली पाहिजे. घड्याळ पाठवायचं ठरलं की पट्टा काढून घ्यावा, अ‍ॅपमधून जोडणी तोडावी आणि जमा करताना मिळणाऱ्या जॉबशीटवर काचेवरचे ओरखडे लिहून घ्यावेत.

या उदाहरणात वॉरंटी संपायला जेमतेम दहा दिवस उरले आहेत. अशा वेळी फोनवर बोलून थांबू नये. ईमेलवर तारीख असते, त्यामुळे दुरुस्तीला महिना लागला तरी तक्रार मुदतीत केल्याचा पुरावा हातात राहतो. उत्तर आलंच नाही किंवा कारण न देता वॉरंटी नाकारली, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. दोन्ही ठिकाणी बिल आणि आधीचा पत्रव्यवहार मागतात, म्हणून ईमेल, त्याला आलेली उत्तरं आणि जॉबशीट प्रकरण मिटेपर्यंत जपून ठेवावीत.